बरणी

जूनमध्ये पायलच्या शाळेची फी भरायची होती, नऊ हजार. दारव्हा स्टँडवर ऑटो चालवणाऱ्या गजाननने नोव्हेंबरातच लोणच्याची रिकामी बरणी धुऊन वाळवली, झाकणाला चीर पाडली आणि कडेने चिकटपट्टी मारली. रोज ५० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३००, मेअखेर ९१००. पैसे बोहनीतूनच काढायचे. संध्याकाळपर्यंत पेट्रोल अन् चहात काय उरते?

कापूस वेचणीच्या दिवसांत बरणी भरभर भरली. जानेवारीत क्लचची वायर तुटली. गजाननने चिकटपट्टीला नख लावलं.

"बाबा, त्याले हात नोका लावू," पायल म्हणाली.

"मंग गाडी कशी चालन वं?"

सुनंदाने किराण्यातले दोनशे काढून दिले. "हे वायरीले. पण गाडीचा डबा येगळा ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून वीस रुपये डब्यात, पन्नास बरणीत. महिन्याच्या शेवटी पायल नोटा मोजून वहीत लिहायची आणि गजानन त्या पोस्टाच्या बचत खात्यात टाकायचा.

एप्रिलात ऊन तापलं, दुपारच्या सवाऱ्या आटल्या.

"उद्यापासून पाचलेच निघतो," तो म्हणाला. "एसटीच्या पह्यल्या गाडीच्या सवाऱ्या भेटतीन."