वजनकाट्यावरचा आकडा: परिपाठातलं भाषण

नमस्कार. बसून घ्या सगळे. दहावीच्या मुलांनो, मागे भिंतीला टेकून उभं राहू नका, पुढे या. हे तुमच्यासाठीही आहे.

मागच्या आठवड्यात आपल्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. डोळे पाहिले, दात पाहिले, उंची मोजली, वजन केलं आणि प्रत्येकाच्या कार्डावर एक आकडा लिहिला गेला: बीएमआय. मधली सुट्टी व्हायच्या आत एका वर्गाच्या यादीचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला होता. त्यानंतर व्हरांड्यात जी नावं माझ्या कानावर आली, ती मी माइकवर उच्चारणार नाही. ठेवणाऱ्यांना ती माहीत आहेत आणि ज्यांना ठेवली त्यांना तर पाठच झाली आहेत. तेव्हापासून काही डबे न उघडता घरी परत जात आहेत. पीटीच्या तासाला पोट दुखणाऱ्यांची संख्या वाढली आहे. मला याचं फार वाईट वाटलं, म्हणून मुख्याध्यापक सरांकडून आज बातम्यांनंतरची दहा मिनिटं मागून घेतली.

मी विज्ञान शिकवते, तेव्हा विज्ञानापासूनच सुरू करू. किलोमधलं वजन घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटर. त्याचा वर्ग २.२५. वजन ५४ किलो. चोपन्न भागिले सव्वादोन म्हणजे २४. झाला बीएमआय. यात तुमचं रक्त नाही, हाडं नाहीत, दम किती टिकतो ते नाही, रात्री झोप लागते का ते नाही. फक्त दोन मापं आणि एक भागाकार.

हा भागाकार शोधणारा माणूस डॉक्टर नव्हता. अडोल्फ केटले हा बेल्जियममधला खगोलशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ. १८३०च्या दशकात तो हजारो माणसांची मापं गोळा करून समाजातला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होता. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसल कीज या संशोधकाने त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, कारण मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला एक सोपं माप हवं होतं. नीट ऐका: लोकसमूहांची. एखादी मुलगी कशी आहे, हे ठरवायला तो कोणी बनवलेलाच नाही.

मग डॉक्टर तो का लिहितात? कारण तो धोक्याची सूचना देतो आणि ती सूचना खरी असते. बीएमआय फार जास्त असलेल्या लोकांच्या मोठ्या गटात पुढे मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची दुखणी जास्त आढळतात. फार कमी असलेल्या गटात अशक्तपणा आणि वारंवार आजारपण जास्त आढळतं, मुलींची पाळी लांबू शकते. ‘जास्त आढळतात’ म्हणजे प्रत्येकाला होतातच असं नाही. पावसाळ्यात हवामान खातं आपल्या साताऱ्याच्या घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट देतं, तेव्हा आपण काय करतो? दरडीकडे लक्ष ठेवतो, घाटातून जायचं पुढे ढकलतो. महाबळेश्वर वाईट आहे आणि फलटण चांगलं आहे, असं कोणी म्हणत नाही. आणि अलर्ट खोटा आहे म्हणून कोणी दरडीखाली जाऊन उभंही राहत नाही. तुमच्या कार्डावरचा आकडा तेवढंच सांगतो: इथे जरा लक्ष द्या, पुढची तपासणी करा.

आता त्या सूचनेच्या मर्यादा बघू. तालमीत मेहनत करणारा आपल्याच भागातला एखादा पैलवान घ्या. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो. बीएमआय येतो २७. आपल्याकडच्या मोठ्या माणसांच्या तक्त्यात तो सरळ ‘लठ्ठ’ या रकान्यात जातो! कारण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

उलट बाजूचं उदाहरण तर पुण्याचंच आहे आणि ते मला फार आवडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा तोच आणि चरबी दुपटीहून जास्त. आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी साठवण्याकडे आपल्या शरीराचा कल असतो. म्हणून मधुमेह आपल्याकडे कमी वजनावरही गाठतो. तेव्हा ‘मी तर काडी आहे, मला काय होतंय’ असं म्हणत रोज वेफर्सची पाकिटं संपवणाऱ्यांनी हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत.

हेच कारण आहे की भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये मोठ्या माणसांसाठी रेघा खाली आणल्या. युरोपात २५ पर्यंत वजन सामान्य धरतात, आपल्याकडे २३ च्या पुढे जादा आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. अमेरिकेतही १९९८ मध्ये रेघ २७-२८ वरून २५ वर आणली गेली. रात्री सामान्य वजनाची म्हणून झोपलेली लाखो माणसं सकाळी जादा वजनाच्या यादीत होती. त्यांच्यात रात्रीत काय बदललं? एक ग्रॅमही नाही. डॉक्टरांनी सावध करण्याची जागा बदलली, आणि ती बदलायलाच हवी होती. पण जी रेघ सरकवता येते, देशागणिक वेगळी असते, तिच्यावर कुणाची किंमत कशी ठरणार?

तुमचं वय तर याहून वेगळं. मुलांसाठी अशी एकच रेघ नसतेच. तेरा वर्षांच्या मुलीची तुलना तेरा वर्षांच्या मुलींशीच करायची, मुलाची त्याच वयाच्या मुलांशी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले आहेत, डॉक्टर ते वापरतात. म्हणजे घरी मोबाइलवर मोठ्यांच्या तक्त्यात स्वतःला बसवून तुम्ही जे रडत बसता, ते चुकीच्या तक्त्यापुढे रडणं असतं.

आणि या वयात आकडा हलतो केवढा! मघाचं उदाहरण घ्या, दीड मीटर आणि ५४ किलो, बीएमआय २४. हाच मुलगा आठवीतून नववीत जाताना ८ सेंटिमीटर वाढला आणि वजन तेवढंच राहिलं, तर आकडा होतो २१.६. एकही पोळी कमी न करता. मुली साधारण आधी वाढतात, मुलं दोनेक वर्षं मागून. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी थोडी वाढते, ती वाढायलाच हवी, शरीर स्वतःची तयारी करत असतं. नेमक्या याच वेळी कोणीतरी काकू लग्नात म्हणते, ‘किती सुटलीस गं!’ आणि पोरीचं जेवण सुटतं. दुसरीकडे एखाद्याला म्हणतात, ‘घरी खायला घालत नाहीत का रे?’ घरात वाढणाऱ्या आईचाही त्यात अपमान होतो. मोठी माणसं हे प्रेमाने म्हणत असतील, मला मान्य आहे, पण लागायचं तिथे ते लागतंच.

जेवण सोडू नका. हे मी विनंती म्हणून नाही, तुमची शिक्षिका म्हणून ठणकावून सांगते आहे. तुमची हाडं आत्ता घट्ट होत आहेत, उंची आत्ता वाढते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांतल्या कितीतरी जणींचा बीएमआय अगदी ‘छान’ असेल, कारण त्यात रक्त मोजलं जात नाही. म्हणून आठवड्याची लोहाची निळी गोळी खिडकीतून टाकू नका, जेवणानंतर घ्या. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडं खात असाल तर अंडं, हे सगळं खा. रोज तासभर घाम येईपर्यंत खेळा, लंगडी असो की कबड्डी. वेळेवर झोपा. बीएमआय १६ असो की ३०, हे सगळ्यांना सारखंच लागू आहे. रीलमध्ये सात दिवसांत पोट कमी करणारे आणि डब्यातली पावडर विकणारे दोघेही तुमच्या घाबरण्यावर पोट भरतात.

ज्यांच्या कार्डावर डॉक्टरांनी ‘पुढील तपासणी’ लिहिलं आहे, त्यांनी आई-वडिलांना घेऊन नक्की जायचं. ते टाळणं हाही स्वतःवर अन्यायच. तिथे रक्तदाब बघतील, कमरेचा घेर मोजतील, लागलं तर रक्त तपासतील, घरात कोणाला मधुमेह आहे का विचारतील. त्यातून खरं काय ते कळेल. आकडा तुम्हाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो, त्याचं काम तिथे संपतं.

या आवारात पाच-सहाशे जणं बसली आहेत. यातला कोण मित्राची सायकल पंक्चर झाली की दोन किलोमीटर त्याच्याबरोबर चालत जातो, कोणाची रांगोळी जिल्ह्यात पहिली येते, कोण पहाटे दूध घालून मग शाळेत येतं, हे मला माहीत आहे. त्यांची वजनं मला माहीत नाहीत. माहीत करून घ्यायची गरज मला आजवर पडली नाही.

आता ठरलेल्या गोष्टी सांगते. मुख्याध्यापक सरांशी बोलून हे नक्की झालं आहे. यापुढे वजन आणि उंची पडद्यामागे, एकेकाची घेतली जाईल, आकडा मोठ्याने वाचला जाणार नाही आणि कार्ड बंद पाकिटात फक्त ज्याचं त्याला मिळेल. तो यादीचा फोटो ज्यांच्या मोबाइलवर आहे त्यांनी आज घरी गेल्यावर काढून टाकायचा, पुढे पाठवायचा नाही. अंगावरून नाव ठेवणं हा यापुढे शिस्तभंग धरला जाईल. ज्यांनी ठेवलं आहे, त्यांनी त्या मुलाला किंवा मुलीला एकटं गाठून माफी मागा, सगळ्यांसमोर नको.

जेवावंसं वाटत नसेल, जेवून झाल्यावर अपराधी वाटत असेल, आरशात बघवत नसेल, तर वर्गशिक्षकांना सांगा, घरी सांगा. मला सांगायचं असेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी मोठ्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत असते, दार उघडंच असेल. ओळखीच्या माणसाशी बोलणं जड वाटत असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फोन नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नंबर पुन्हा सांगते, १४४१६. सूचना फलकावरही लावला आहे.

पाकिटं आज तिसऱ्या तासाला वर्गशिक्षक देतील. आधी सहावी आणि सातवीने ओळीने वर्गात जायचं आहे, मग बाकीच्यांनी.