या हो जावई विठोबा

(आईबाबांच्या लग्नाला 22 मे 2026 रोजी पन्नास वर्षं होताहेत. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे वाढदिवस नेमका धोंड्याच्या महिन्यात. जावयाला वाण द्यायचा महिना. रुक्मिणी आपल्या विदर्भाची लेक, तेव्हा विठोबा आपला जावई. या नात्यानेच मी त्याला जेवायला बोलावलंय.

ठेका भजनी, लय संथ. सूर काळी दोनच्या वर नेऊ नये, बाबांचा दम पुरत नाही. ध्रुवपद दोघं म्हणतील, दुसऱ्यांदा सगळ्यांनी टाळ्या धराव्यात.)

दोघे
या हो जावई विठोबा, घेऊन या रुक्मिणीला,
धोंड्याचे वाण ताटात, जोडीने या जेवायाला ॥

ती
कौंडिण्यपूरची लेक, वर्धाकाठचे माहेर,
पालखी निघे तिथून, गाठी चंद्रभागातीर.

तो
तिच्या विदर्भाचे आम्ही, नाते लावतो हक्काने,
जावई बोलावतात, अधिकात सन्मानाने.

दोघे
या हो जावई विठोबा, घेऊन या रुक्मिणीला,
धोंड्याचे वाण ताटात, जोडीने या जेवायाला ॥

तो
पन्नास उन्हाळ्यांआधी, महालामधी वरात,
ऊन मी म्हणत होते, वाळ्याचे पाणी माठात.

ती
मुंडावळ्यांच्या आडून, पाहिले यांचे पाऊल,
मनाला कळली माझ्या, विटेवरली चाहूल.

(इथे ध्रुवपद नको. बाबांनी थेट पुढचं कडवं घ्यावं, पेटी अगदी हळू.)

तो
गिरणीचा भोंगा होता, आमच्या घरी घड्याळ,
एका सकाळी थांबला, हाती उरला फक्त टाळ.

ती
मी म्हटले, असू द्या जी, तुम्ही टाळ, मी शिलाई,
जनीसंगे दळणारा, आमच्याही दारी येई.

तो
मशीन रात्री चालता, कंदील मी धरायचो,
टाक्याटाक्याला ते नाम, मीच मोठ्याने घ्यायचो.

ती
डोळा लागला तरीही, ओठ यांचे हालायचे,
कापडात झबल्यांच्या, नाम विठूचे जायचे.

(या ओळीनंतर दोन आवर्तनं नुसता टाळ. ती झबली आम्ही घातली आहेत.)

दोघे
या हो जावई विठोबा, घेऊन या रुक्मिणीला,
धोंड्याचे वाण ताटात, जोडीने या जेवायाला ॥

तो
पंढरी लांब राहिली, धापेवाडा गाठला जी,

ती
चंद्रभागा तिथेही ती, ओंजळीत घेतली जी.

रुक्मिणी रुसली होती, वेगळे तिचे राऊळ,
रुसले मीही कितीदा, पेटली ना तेव्हा चूल.

तो
मग मी संत्री सोलून, फोडी ठेवल्या हातात,
बोललो नाही काहीच, हसू आले पदरात.

दोघे
तुम्हीही या एका वाटे, रुसवा वेशीत ठेवा,
पाटाशी लावून पाट, एकाच ताटात जेवा.

या हो जावई विठोबा, घेऊन या रुक्मिणीला,
धोंड्याचे वाण ताटात, जोडीने या जेवायाला ॥

ती
गुडघे दुखती आता, टेकडीच्या गणेशाला
हात जोडते खालून, पाठवते नातवाला.

तो
मला कमी ऐकू येते, तिला दिसेना लहान,
हरिपाठ होतो पुरा, माझे डोळे, तिचे कान.

ती
तेहतीस अनारसे, खसखस मी लावली,
हात कापले तरीही, जाळी सुरेख पडली.

तो
तुळशीपाशी रांगोळी, नातींनी काढली दारी,
दोन पाट, एक ताट, वाट पाहते दुपारी.

(ठेका थांबवावा. फक्त पेटीचा षड्ज. पुढच्या ओळी आईबाबांनी एकमेकांकडे न बघता, देवाकडे बघून म्हणाव्यात, नाहीतर दोघांनाही पुढे गाता येणार नाही.)

तो
विचारीत नाही तुम्हां, कोण आधी, कोण मागे,

ती
जो राहील त्याच्यापाशी, बसा थोडे दोघे जागे.

दोघे
जो राहील त्याच्यापाशी, बसा थोडे दोघे जागे.

(ठेका पुन्हा सुरू. लेकी, सुना, जावई, नातवंडं, सगळ्यांनी मिळून.)

दोघे आणि सारे
या हो जावई विठोबा, घेऊन या रुक्मिणीला,
थांबली पंगत सारी, जोडीने या जेवायाला ॥