खोली बदलून मिळण्याबाबत विनंती अर्ज

दि. 16 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. रेक्टर मॅडम,
मुलींचे वसतिगृह, पुणे

विषय : सततच्या आवाजामुळे अभ्यासात अडथळा येत असल्याने खोली क्र. 4 बदलून मिळण्याबाबत.

आदरणीय मॅडम,

मी बी. फार्म. द्वितीय वर्षात शिकत असून तळमजल्यावरील खोली क्र. 4 मध्ये राहते. माझी कॉट ज्या भिंतीला लागून आहे तिच्या पलीकडेच पाण्याची मोटर आहे. ती पहाटे साडेचारला सुरू होते आणि टाकी भरेपर्यंत चालते. रात्री पुन्हा तेच. कानात कापूस घातला तरी उपयोग होत नाही, कारण भिंतीबरोबर कॉटही थरथरते. समोरच मेसचा मागचा दरवाजा आहे. रात्री जेवणं आटोपली की तिथे भांडी घासायला घेतात, ती अकरापर्यंत चालतात. मेसच्या मावशींची यात काहीच चूक नाही, त्यांना ते काम त्याच वेळी करावं लागतं.

वाचनालय रात्री दहाला बंद होते, त्यामुळे पुढचा अभ्यास खोलीतच करावा लागतो. या सत्रात मेडिसिनल केमिस्ट्री आणि फार्माकॉलॉजी हे दोन्ही विषय आहेत. रचनासूत्रे आणि औषधांचे परिणाम एकाग्रतेशिवाय लक्षात राहत नाहीत. मागच्या सेशनलला फार्माकॉलॉजीत मला 30 पैकी 13 गुण मिळाले. त्याआधी असे कधी झाले नव्हते. पुढची सेशनल मार्चमध्ये आहे. झोप अपुरी राहिल्याने प्रॅक्टिकललाही डोके जड असते.

दुसऱ्या मजल्यावरील खोली क्र. 207 मधील प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा पाय फ्रॅक्चर झाला होता. तिला अजून जिने चढायला त्रास होतो आणि तळमजल्यावर जागा हवी आहे. मी तिला मोटरची आणि भांड्यांची सगळी कल्पना दिली, ती खोलीवर येऊन एक रात्र झोपूनही गेली. जिन्यांपेक्षा हे परवडेल, असे ती म्हणाली. तरीही तिची कॉट भिंतीपासून दूर, खिडकीकडे लावावी असे मला वाटते. माझ्या खोलीतील मुली त्याला तयार आहेत. आम्हा दोघींचे संमतिपत्र आणि पालकांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.

ही अदलाबदल शक्य नसल्यास वरच्या मजल्यावर जिथे कॉट रिकामी होईल तिथे मी जायला तयार आहे. खोलीतील कपाट, टेबल, गादी तपासून ताब्यात देईन. मोटर सकाळी सहानंतर लावता आली तर तळमजल्यावरील सगळ्याच मुलींची सोय होईल, तेवढे आपण पाहावे.

सेशनलपूर्वी परवानगी मिळाली तर फार मदत होईल. आपण एकदा पहाटे खोलीत येऊन आवाज ऐकावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
वैष्णवी शेळके
बी. फार्म. द्वितीय वर्ष, खोली क्र. 4

सोबत : दोघींचे संमतिपत्र, पालकांची पत्रे