संदीप, चार लाखांबद्दल

पुणे, रविवार, 17 नोव्हेंबर 2024

संद्या,

गुरुवारी रात्री तुला पाठवलेला मेसेज विसर. "सध्या हात तंग आहे रे, हप्ते चालू आहेत, बघतो काहीतरी." तू त्यावर नुसता अंगठा पाठवलास. बत्तीस वर्षांत तू मला कधी अंगठा पाठवला नव्हतास, शिव्या पाठवायचास. तेव्हाच कळलं की मी काहीतरी चुकीचं लिहिलंय. त्यानंतर तीनदा नवीन मेसेज लिहिला आणि खोडला. एकात सगळं अनितावर ढकललं होतं, "तिला विचारावं लागेल" म्हणून. ती बिचारी शेजारी बसून भाजी निवडत होती, तिला पत्ताही नव्हता. तोही खोडला.

म्हणून आता सरळ लिहितो. तू फोनवर उसने मागितलेले चार लाख मी देणार नाही. "बघतो" नाही, "पुढच्या महिन्यात" नाही. तू माझ्या भरवशावर थांबून राहू नयेस म्हणून हे आधीच सांगतोय.

आणि हात तंग आहे हेही पूर्ण खरं नव्हतं. फ्लॅटचा हप्ता आहेच, पण साडेपाच लाखांची एक एफडी आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांसाठी ठेवलीय. डॉक्टरांनी उन्हाळ्याआधी करून घ्या म्हटलंय. फेब्रुवारीपर्यंत पैसे परत येतील असं तू म्हणालास आणि तुझ्या मनात तसंच आहे याबद्दल मला शंका नाही. पण ते तुझ्या हातात नाही, तुझी बिलं थकवलेल्या चाकणच्या त्या कंपनीच्या अकाउंट्स डिपार्टमेंटच्या हातात आहे. जुलैपासून त्यांनी तुला सोमवार, गुरुवार, दिवाळीनंतर असं फिरवलंय. ते माझ्याशी वेगळं वागतील असं वाटत नाही.

पण एफडी हे अर्धंच कारण. एफडी नसती, पैसे नुसते पडून असते, तरी मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक. ते का, हे तुला सांगायला हवं.

आमच्या कुंभार गल्लीतल्या घरी रविवारी सकाळी बाबांचे एक मित्र यायचे, आठवतात? स्कूटरवरून, पुढारीची पुरवणी काखेत घेऊन. आपण बाहेर गोट्या खेळत असायचो आणि ते जाताना आपल्या दोघांना एकेक गोळी द्यायचे. 1998 मध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नाला बाबांनी चाळीस हजार दिले. कागद नाही, तारीख नाही. लग्न झालं. मग एक-दोन रविवार ते आले नाहीत. मग कळलं की ते बाजारात जायला मागची बोळ धरतात. बाबांनी कधीच मागितले नाहीत, आईनं एकदाही तोंड उघडलं नाही, पण ती भीडच त्या माणसाला घराकडं फिरकू देईना. 2003 मध्ये त्यांचा मुलगा येऊन पाकीट देऊन गेला, मोजून चाळीस हजार. बाबा त्याला म्हणाले, "बाबांना चहाला पाठव." तो हो म्हणाला. ते आले नाहीत. बाबा गेले तेव्हाही स्मशानात लांब उभे होते.

पैसे बुडाले असते तर मला एवढं लागलं नसतं. ते आले, पूर्ण आले.

आणि दोष त्यांचाच असं नाही म्हणत मी. मला भीती माझी आहे. समज, मी तुला चार लाख दिले आणि मार्चमध्ये तू आर्याला घेऊन पन्हाळ्याला गेल्याचा फोटो स्टेटसला टाकलास. मी लाइक करेन, पण मनात पेट्रोलचा हिशोब करेन. तू नवा मोबाइल घेतलास तर मी किंमत शोधेन. मला तसा माणूस व्हायचं नाही आणि मी होणारच नाही असं छातीठोक सांगता येत नाही.

आता पुराचं. हे मी काढणार नव्हतो, पण काढलं नाही तर आपल्या दोघांच्या मध्ये ते बसून राहील. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी आमच्या गल्लीत शिरलं, मी पुण्यात, हायवे बंद. तू छातीभर पाण्यातून आईबाबांना काढलंस आणि नऊ दिवस तुझ्या घरी ठेवलंस. बाबांची इन्सुलिनची पेन तुझ्या फ्रिजमध्ये होती. वहिनींनी आईला स्वयंपाकघरात हात लावू दिला नाही. गुरुवारी फोनवर तू चाळीस मिनिटं बोललास आणि त्यातलं अवाक्षर काढलं नाहीस. मी फोन ठेवला आणि सगळ्यात आधी हेच मनात आलं, की यानं ते काढलं नाही. त्याची परतफेड चार लाखांनी होते असं मी धरलं तर तो तुझा अपमान होईल. तो हिशोब मला कधी चुकता करायचाच नाही.

बरं, आता कामाचं. पैसे नाही देत म्हणून अंग काढून घेत नाहीये.

मंगळवारी रात्री येतोय. माझं नाव अजून तिथल्याच यादीत आहे. बुधवारी सकाळी मत टाकलं की दिवसभर मोकळा. शिरोलीत तुझी शेड बंदच असेल, सुट्टी आहे. लॅपटॉप आणतो. तू एवढंच काढून ठेव: जुलैपासूनची सगळी बिलं, त्यांचे पीओ, माल पोचल्याच्या सहीशिक्क्याची चलनं, आणि त्या लोकांशी झालेले ईमेल. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा परचेसवाला "पेमेंट प्रोसेसमध्ये आहे" म्हणालाय ना, तेही डिलीट करू नकोस.

उद्यम नोंदणी तू 2021 लाच केलीयस, रात्री अकराला ओटीपीवरून माझं डोकं खाल्लं होतंस. ती आता उपयोगी पडेल. एमएसएमई कायद्यात, म्हणजे 2006 च्या, लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढं पेमेंट नेता येत नाही. करार नसला तर पंधरा दिवस. तुझी जुनी बिलं शंभर दिवसांच्या पुढं गेलीत. मुदतीनंतर बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही महिन्याला चक्रवाढ. बँक रेट आज पावणेसात टक्के, म्हणजे सव्वावीस टक्के झाले. तुझ्या थकलेल्या सात लाख दहा हजारांवर महिन्याला बारा हजारांच्या आसपास. तुझ्या दोन पोरांपैकी एकाचा पगार निघाला.

तुझी भीती मला माहीत आहे. समाधान पोर्टलवर तक्रार टाकली की ते पुढचं काम दुसऱ्याला देतील. खरं आहे, देऊ शकतात. म्हणून आधी तक्रार नको, आधी एक साधं, सभ्य पत्र. त्यात व्याजाचा आकडा, उद्यम नंबर आणि एक ओळ: आयकराच्या 43बी(एच) कलमाप्रमाणे लघुउद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि 31 मार्चला थकीतच राहिलं, तर त्यांना तो खर्च यंदाच्या हिशोबात धरता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच धरता येतो. तुझा परचेसवाला यानं हलणार नाही. त्यांचा सीए हलेल. पत्र त्याला गेलं पाहिजे. पत्रावर माझं नाव नको, भाषा मात्र माझी चालेल. तुझ्या पत्रात "आपला नम्र" चार वेळा असतं.

बँकेत पण जाऊ, गुरुवारी सकाळी. मी सुट्टी टाकलीय. सीसीची मर्यादा दोन-तीन महिन्यांपुरती वाढवून मागायची. अडचण एवढीच की नव्वद दिवसांवरची येणी ते सहसा धरत नाहीत, म्हणून ऑगस्टनंतरची बिलं वेगळी लावून न्यायला हवीत. मॅनेजर नाही म्हणाला तर पतसंस्थेचा दर बघू. सोनेतारणाचं मी सुचवणार नाही, तो वहिनींचा विषय. त्यांनी स्वतःहून काढला तर भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र हात जोडून. तू त्या दहा टक्केवाल्याचं नाव बोलता बोलता घेतलंस. चार लाखांवर महिन्याला चाळीस हजार, आणि मुद्दल तसंच. त्याच्याकडे जाणार असशील तर आधी मला फोन कर, रात्री दोनला कर. तेव्हा मी पैसे देईन असं नाही, पण तुला तिथं जाऊ देणार नाही. कोरा चेक तर कुणालाच देऊ नकोस.

आणि आर्याच्या क्लासचा दुसरा हप्ता, अठरा हजार, 30 तारखेला आहे ना? वहिनी अनिताला बोलल्या होत्या. तो मला भरू दे. क्लासच्या खात्यावर परस्पर. हे उसने नाहीत, तू कुठं लिहून ठेवायचं नाहीस, आणि तिला कळायचीही गरज नाही. तिच्या बारशाला कानात नाव मी ओरडलो होतो, आत्या गाडी चुकल्यामुळं. तेवढा हक्क ठेवतोच. तरी नको वाटलं तर नको म्हण. मी तुला नाही म्हटलंय, तू मला म्हणालास तर फुगून बसणार नाही.

तुला राग येईल. येऊ दे. आज लगेच उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मला वाटतं वाचून तू शेडच्या मागं जाऊन एक सिगारेट ओढशील आणि "लई शहाणा झालाय" म्हणशील. म्हण. पण मंगळवारी मी स्टँडवर उतरेन तेव्हा नेहमीसारखा गाडी घेऊन ये. आला नाहीस तर रिक्षा करून तुझ्याच घरी येईन, वहिनींना मी आधीच सांगितलंय की जेवायला आहे. पैशांचं त्यांना काही बोललेलो नाही.

बुधवारी मत टाकून आधी मिसळ. दिवाळीत बिल मी दिलं होतं, आता तुझी पाळी आहे. जादा कट मागणार आहे.

अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
महेश