सुपारीआधीचं वाचन : सिक्स आणि एट ऑफ वाँड्स

काल तू फोनवर विचारलंस, "मावशी, हे सगळं फार घाईनं होतंय का?" तोच प्रश्न मनात धरून टॅरोची तीन पानं काढली. पहिलं नात्याच्या चालीचं, दुसरं लोकांपुढे काय येतंय त्याचं, तिसरं तुम्हा दोघांतलं.

पहिलं आलं एट ऑफ वाँड्स. मोकळ्या आभाळातून आठ काठ्या तिरप्या खाली येतायत. खाली नदी, टेकडीवर घर, पण माणूस एकही नाही. या पानाला धनू राशीतला बुध देतात, म्हणजे निरोप आणि वेग. दिवाळीच्या सुमारास तुमची ओळख झाली, संक्रांतीला त्याचे आईवडील खानापूरला येऊन गेले, आणि पुढच्या महिन्यात सुपारी. कुंद्याची ऑर्डरसुद्धा गेली! निपाणीत त्यांच्या गल्लीत तुला सून म्हणायला लागलेत, आणि तू अजून त्या घरात चहासुद्धा घेतलेला नाहीस. निरोप माणसांच्या पुढे धावतोय, तो असा.

दुसरं सिक्स ऑफ वाँड्स. पांढऱ्या घोड्यावर स्वार, डोक्यावर पानांचा मुकुट, हातातल्या काठीलाही तसंच कडं, बाजूनं काठ्या उंचावून चालणारी माणसं. हा मान खरा आहे. पत्रिका मराठी आणि कन्नड दोन्हीत छापायची ठरली, हे सांगताना तुझ्या बाबांचा आवाज किती भरून आला होता. त्याला कमी लेखू नकोस. पण घोडा एकच आहे. कार्यालय त्यांनी बघितलं, तारीख त्यांनी काढली, फोटो त्यानं स्टेटसला लावला. या मिरवणुकीत तू घोड्यावर आहेस की पायी चालतेयस, हे मला पानावरून नाही, तुझ्याकडून कळायला हवं.

आता मला जे सगळ्यात जास्त दिसलं ते. सहा आले, आठ आले, मधला सात नाही. १९०९ च्या रायडर-वेट डेकमधल्या सेव्हन ऑफ वाँड्समध्ये एक माणूस उंचावर पाय रोवून उभा आहे, खालून सहा काठ्या त्याच्यावर रोखल्यात. स्वतःचं म्हणणं धरून उभं राहण्याचं ते पान. तुमच्या नात्यात तीच पायरी गाळली गेलीय. तुम्ही अजून एकदाही भांडलेला नाहीत, असं तू कौतुकानं सांगितलंस. मला त्याचीच काळजी वाटते.

तिसरं टू ऑफ कप्स, सरळ. दोघं समोरासमोर, हातात पेले. प्रेमाबद्दल शंका घ्यायचं कारण मला दिसत नाही.

म्हणून सुपारी मोडायला मी सांगत नाही. त्याआधी त्याला एकट्याला भेट. बेळगावची नोकरी लग्नानंतर चालू राहणार का, निपाणीहून रोज येणं-जाणं जमणार का, त्याच्या घरात कन्नडच चालते तर तुला सांभाळून कोण घेणार, हे तोंडानं विचार. तो गप्प बसला तर तेही मला सांग. तुमचं बोलणं झाल्यावरच तारखेसाठी चौथं पान काढेन, त्याआधी नाही.