खरेदीखत छापण्याआधी: ऑफिसची तपासणी यादी

(फ्लॅटच्या दस्तासाठी. ज्याने टाइप केलं त्याने तपासायचं नाही. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मसुद्यावर पेन्सिलने टिक करायची.)

☐ सगळ्यात आधी जुना दस्त शोधा. आपण मसुदा मागच्याच फाईलवरून उचलतो, त्यामुळे मागचा माणूस कुठेतरी उरतोच. मागच्या पक्षकारांची आडनावं, सोसायटी आणि गाव 'फाइंड'मध्ये टाका. शून्य सापडलं पाहिजे.

☐ नाव आधार आणि पॅनला लावून बघा, पक्षकाराच्या बोलण्याला नाही. सुनीता की सुनिता, दत्तात्रय की दत्तात्रेय? पॅन माहेरच्या नावाने असेल तर 'पूर्वाश्रमीच्या' लिहून दोन्ही नावं घ्या. पहिल्या पानावरचं नाव सहीच्या पानावर आणि फोटोखाली तसंच हवं.

☐ 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांची अदलाबदल झालेली नाही ना? हसू नका, झालेली आहे.

☐ आधार १२ अंकी, पॅन १० अक्षरी. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर P. IFSC ११ अक्षरी, पाचवा शून्य. तिथे O पडतो.

☐ वय दस्ताच्या दिवशीचं. इसारपावतीवरून उतरवाल तर मधल्या काळात वाढदिवस होऊन गेलेला असतो.

☐ तारखा क्रमाने कागदावर मांडा: इसारपावती, चेक, कर्जमंजुरी, दस्त. इसाराचा चेक इसारपावतीच्या नंतरचा निघाला तर पक्षकाराला फोन. जानेवारीत वर्ष दोनदा बघा. वार लिहिला असेल तर कॅलेंडर काढा.

☐ रक्कम. इथे घाई नको. कॅल्क्युलेटरवर दोघांनी वेगवेगळी बेरीज करायची. सध्याच्या फाईलचं उदाहरण:

इसार ५,००,०००
आरटीजीएस ११,३८,०००
गृहकर्ज ४५,००,०००
टीडीएस ६२,०००
एकूण ६२,००,०००

किंमत ५० लाख किंवा जास्त असली की १ टक्का टीडीएस. तो वेगळा दाखवला नाही तर बेरीज ६१,३८,००० वर अडकते आणि मग कोणीतरी आरटीजीएसचा आकडा फुगवून ती जुळवतं. असं करायचं नाही. बँकेचा उतारा मागवा.

☐ अक्षरी रक्कम आकडा झाकून वाचा आणि ऐकणाऱ्याने आकडा लिहायचा. बासष्ट आणि बाहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, इथेच घसरतं.

☐ फ्लॅट नंबर, मजला, विंग, सर्व्हे नंबर: मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा आणि ताबा, तिन्ही ठिकाणी. गेल्या वर्षी आपल्याच एका दस्तात वर्णनात ४०३ आणि ताब्याच्या कलमात ३०४ गेलं. चूक दुरुस्तीच्या दस्ताला सगळ्यांना पुन्हा यावं लागलं. देणारे तोवर नागपूरला गेले होते. तिकिटाचे पैसे आपण दिले.

☐ क्षेत्र: ६५० चौ. फूट म्हणजे ६०.३९ चौ. मी. कार्पेट की बिल्ट-अप, हे शब्दात लिहिलेलं हवं.

☐ चलनावरचं नाव आणि रक्कम दस्ताशी जुळते का?

☐ शेवटच्या क्षणी एक शब्द जरी बदलला, तरी ते पान पुन्हा पूर्ण वाचायचं. मग तपासणाऱ्या दोघांच्या सह्या या यादीवर, आणि यादी फाईलमध्ये.