छोटीच्या नडगीबद्दल, आणि सध्या पळणं का बंद

ताई, दादा, नमस्कार.

काल ग्राउंडवर बाकीच्या पोरांच्या गडबडीत नीट बोलणं झालं नाही, आणि मग रात्री दादांचा मेसेज आला की एक्सरे तर क्लिअर आहे, ट्रायल चार आठवड्यांवर आलीये, टेप लावून आणि गरज पडली तर एखादी पेनकिलर घेऊन पळू दे. म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, पण दोघांनीही वाचा.

आधी एक्सरेचं. ह्या दुखण्यात सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, म्हणून तर डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. त्यात नडगीच्या हाडाच्या आत सूज दिसलीये, त्याला स्ट्रेस रिअॅक्शन म्हणतात. चीर अजून पडलेली नाही हे आपलं नशीब, पण असंच पळत राहिली तर पुढची पायरी तीच आहे. साधी नडगी भरून येते तेव्हा दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असतं, हिला मात्र आतल्या बाजूला एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, आणि हल्ली रात्री झोपेतही ठणकतं म्हणाली. ही स्नायूची कुरकुर नाही.

झालंय काय, तर पळताना हाडावर ताण येतो तेव्हा शरीर थकलेला भाग आधी पोखरून काढतं आणि मग तिथे नवीन हाड भरतं. काढायचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला महिने लागतात, म्हणजे मधल्या काळात ती जागा कच्ची असते. खणलेला रस्ता बुजवायच्या आधीच त्यावरून ट्रक सोडले तर काय होईल, तेच. त्यात ह्या वर्षी तिची उंची भराभर वाढली, ह्या वयात हाड लांबीला आधी वाढतं आणि मजबुती मागून येते, आणि भरीला सकाळी माझ्याकडे आणि संध्याकाळी शाळेच्या टीमसोबत अशी डबल प्रॅक्टिस सुरू झाली, तीही कडक ट्रॅकवर नवीन स्पाइक्स घालून. सगळं एकदमच आलं.

पेनकिलरचं म्हणाल तर स्पष्ट नाही. गोळीने दुखणं दबतं, हाड भरत नाही, आणि दुखणं हीच एक गोष्ट आहे जी तिला थांबवतेय. टेपचंही तेच, हाडावरचा भार टेप घेत नाही.

आता खरी मेख सांगतो. दोन-तीन आठवड्यांत तिचं दुखणं बहुतेक थांबेल, ती घरात उड्या मारत फिरेल, मी बरी झाले म्हणून तुमच्या मागे लागेल, आणि नेमकी ट्रायल तेव्हाच असेल. दुखायचं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही!! डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत ते ह्याचसाठी. आत्ता ऐकलं तर सहा आठवडे, चीर पडली तर काही महिने आणि कदाचित अख्खा सीझन.

म्हणून ट्रायलच्या यादीत मी तिचं नाव देत नाहीये. तुम्हाला राग येईल, तिला तर येणारच. ती चौदा वर्षांची आहे, आठशे मीटर पळायला तिच्याकडे अजून खूप वर्षं आहेत.

घरी नुसती बसवू नका, वैतागेल. चालताना दुखत नसेल तर रोजचं चालणं चालेल. पळणं, दोरीउड्या, जिने धावत चढणं बंद, शाळेच्या पीटीलाही तेच, तिथे मी चिठ्ठी देतो. पोहणं आणि सायकल दुखत नसेल तर चालेल, फिजिओ पोट आणि कमरेचे व्यायाम देतील, दम बऱ्यापैकी टिकतो त्याची काळजी सोडा. सहा आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाले, दाबून कळ नाही, एका पायावर उडी मारून दुखलं नाही, तर एक मिनिट हळू पळणं, एक मिनिट चालणं, तेही एक दिवसाआड. दुखलं की परत मागे.

ताई, हे तुमच्यासाठी. पळणं बंद आहे म्हणून तिचं जेवण कमी करू नका, तीही वजन वाढेल म्हणून कमी खायला लागेल, लक्ष ठेवा, हाड भरायलाही खाणं लागतंच. ह्या वयात दिवसाला साधारण १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, व्हिटॅमिन डी तपासून घ्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. आणि पाळी नियमित येते का, मध्ये काही महिने चुकली होती का, हे तुम्हीच तिच्याशी बोला आणि डॉक्टरांना सांगा, लाजायचं कारण नाही, पाळीचा आणि हाडांचा थेट संबंध आहे.

शनिवारी प्रॅक्टिस संपल्यावर तिला घेऊन या, ट्रायलचं मी स्वतः तिला सांगतो, तुमच्याकडून कळायला नको. येताना एमआरआयचा रिपोर्ट आणि ते नवीन स्पाइक्स दोन्ही आणा, स्पाइक्स सध्या माझ्याकडेच राहू देत.

तुमचा,
छोटीचा कोच